+८०० : कोडला देशच नाही, मग नंबर कोणाचा?

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये युरोपातून आलेल्या मशीनच्या पॅनलवर सर्व्हिससाठी ००८०० ने सुरू होणारा टोल-फ्री नंबर छापलाय. पुण्यातून माझ्या मोबाइलवरून तो लागतच नाही. +८०० हा कोणत्या देशाचा कोड आहे? आणि हा नंबर नक्की कोण चालवतं ते कसं शोधायचं?

उत्तर :

कोणत्याच देशाचा नाही. ९१ म्हणजे भारत, ४९ म्हणजे जर्मनी, तसं ८०० म्हणजे एक सेवा. जिनिव्हात आयटीयू नावाची संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था आहे. जगातले सगळे देश-कोड तिच्या ई.१६४ या नंबर-आराखड्यातून येतात. त्या आराखड्यात काही कोड देशांना न देता कामांना दिलेले आहेत. ८०० हा 'आंतरराष्ट्रीय फ्रीफोन' या कामाचा, ८७० इनमारसॅट उपग्रहांचा, ९७९ जास्त दराच्या आंतरराष्ट्रीय नंबरांचा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात +८०० चे नंबर वापरात आले. उद्देश साधा होता. दहा देशांत ग्राहक असलेल्या कंपनीला दहा वेगळे टोल-फ्री नंबर छापावे लागू नयेत, सगळीकडे एकच नंबर चालावा.

त्या नंबराची बांधणी ठरलेली आहे. ८०० आणि त्यापुढे आठ आकडे, एकूण अकरा. ना कमी, ना जास्त. हे अकराचं गणित लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मी वीसेक वर्षं मुंबईत आंतरराष्ट्रीय कॉल्सच्या राउटिंगवर काम केलं. 'हा नंबर कुठला?' हा प्रश्न तेव्हा आठवड्यातून एकदा तरी यायचा. विचारणाऱ्याला एका ओळीचं उत्तर हवं असायचं. पण +८०० च्या बाबतीत आधी 'कुठला' या प्रश्नाचेच तुकडे करावे लागतात, कारण इथे किमान तीन वेगळे पक्ष असतात आणि ते तीन वेगळ्या देशांत असू शकतात. नंबर ज्याच्या नावावर आहे तो ग्राहक, म्हणजे तुमच्या बाबतीत मशीन बनवणारी कंपनी. त्या ग्राहकासाठी आयटीयूकडे अर्ज करून नंबर घेणारी आणि तो चालवणारी टेलिफोन कंपनी. आणि तुम्ही जिथून फोन लावता तिथला तुमचा स्वतःचा ऑपरेटर. उचलणारा माणूस चौथा, तो आणखी कुठेतरी बसलेला असतो.

कॉल आत कसा जातो

एक खराखुरा नंबर घेऊ. युरोपियन युनियनची माहिती-सेवा आहे, 'युरोप डायरेक्ट'. तिचा नंबर लक्षात राहावा म्हणून गमतीदार निवडलाय : ०० ८०० ६ ७ ८ ९ १० ११. सहापासून अकरापर्यंत नुसती मोजणी. पुढचे ०० काढले की उरतं ८००, आणि मग ६७८९१०११, बरोबर आठ आकडे.

आता समजा कोणीतरी लिस्बनमधल्या लँडलाइनवरून हा नंबर फिरवला. पोर्तुगालच्या ऑपरेटरच्या एक्स्चेंजला ०० दिसले, म्हणजे कॉल परदेशी. पुढचा आकडा ४९ असता तर काम तिथेच संपलं असतं. जर्मनीकडे जाणारी लाइन पकडायची आणि कॉल ढकलून द्यायचा, बाकीचे आकडे जर्मनीवाले बघतील. नेहमीचं आंतरराष्ट्रीय राउटिंग असंच चालतं : पहिले एक-दोन-तीन आकडे बघा आणि दिशा ठरवा. पण ८०० ला दिशाच नाही. '८०० कडे जाणारी लाइन' असं जगात काही नसतं. म्हणून एक्स्चेंजला सगळे आठ आकडे वाचावे लागतात आणि स्वतःच्या यादीत शोधावं लागतं, की ६७८९१०११ हा नंबर आपण कोणत्या परदेशी कंपनीच्या सांगण्यावरून उघडला आहे. सापडला तर कॉल त्या कंपनीकडे जातो. ती कंपनी आपल्या यंत्रणेत +८०० चा नंबर बाजूला काढून त्याजागी खरा, साधा नंबर बसवते आणि कॉल तिकडे वळवते. दिवसा एक, रात्री दुसरा, सुट्टीच्या दिवशी तिसरा, असंही करता येतं.

म्हणजे +८०० च्या मागे तार अशी नसतेच. तो नंबर म्हणजे दारावरची पाटी. आतली खोली रोज बदलली तरी बाहेरून कळत नाही.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्या, तुमची अडचण त्यातच आहे.

पहिली, ही यादी प्रत्येक ऑपरेटरची आपापली असते. आयटीयू नोंदवही ठेवते, एकच नंबर दोघांना जाऊ नये हे बघते, पण कॉल चालू असताना जिनिव्हातल्या नोंदवहीला कोणी विचारत नाही. नोंद झाली म्हणून नंबर जगभर लागायला लागत नाही. ज्या ज्या देशातून तो लागायला हवा, तिथल्या ऑपरेटरशी नंबर चालवणाऱ्या कंपनीला स्वतंत्र बोलणी करावी लागतात, तो नंबर त्यांच्या यादीत घालून घ्यावा लागतो, चाचणी करावी लागते. नंबर निदान दोन देशांच्या दरम्यान ठराविक मुदतीत सुरू झाला पाहिजे, एवढीच नियमाची अट. या नंबरांचं पूर्ण नाव 'युनिव्हर्सल इंटरनॅशनल फ्रीफोन नंबर', पण 'युनिव्हर्सल' हा शब्द नावात आहे, व्यवहारात नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. साध्या परदेशी कॉलमध्ये तुमचा ऑपरेटर तुमच्याकडून पैसे घेतो आणि त्यातला वाटा पलीकडच्याला देतो. फ्रीफोनमध्ये प्रवाह उलटा. तुमच्याकडून काहीच घ्यायचं नाही, उलट पलीकडच्या कंपनीकडून आपला खर्च वसूल करायचा. करार नसेल तर हा कॉल नेणं म्हणजे फुकटची हमाली. त्यामुळे करार नसलेला नंबर ऑपरेटर सरळ बंद ठेवतो. मोबाइल कंपन्यांचं आणखी एक दुखणं. लँडलाइनपेक्षा त्यांचा खर्च जास्त, तेव्हा त्या जास्त दर मागतात. नंबर चालवणारी कंपनी पुष्कळदा तेवढा द्यायला तयार नसते. मग तोच नंबर त्याच शहरात लँडलाइनवरून लागतो आणि मोबाइलवरून लागत नाही. 'युरोप डायरेक्ट'सुद्धा आपल्या नंबराखाली सूचना देते, की काही ऑपरेटर ००८०० ची सोय देत नाहीत किंवा पैसे लावतात. आणि युनियनच्या बाहेरच्यांसाठी शेजारी +३२ २ ने सुरू होणारा ब्रुसेल्सचा साधा नंबर देते. खुद्द युरोपात ही परिस्थिती, तर पुण्यातून न लागण्यात नवल नाही.

आधी नंबर नक्की कोणत्या जातीचा आहे ते बघा

शोध सुरू करण्याआधी हे पाच मिनिटांचं काम करा, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. ८०० हे तीन आकडे जगभर टोल-फ्रीशी जोडले गेलेत, त्यामुळे दिसायला सारखे पण पूर्ण वेगळ्या कुळातले नंबर असतात.

अमेरिकेचा १-८०० हा +८०० नव्हे. तो +१ ८००. तिथे ही सेवा १९६७ पासून आहे. नंबर कमी पडले तसे ८८८, ८७७, ८६६, ८५५, ८४४, ८३३ असे भाऊबंद वाढत गेले. +१ हा कोडसुद्धा एका देशाचा नाही, अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधले बरेच देश तो वाटून घेतात. म्हणून '+१ ८७७ म्हणजे अमेरिकन कंपनी' हेही ठाम सांगता येत नाही. पण तिथे निदान शोधायची वाट चांगली आहे, ती पुढे सांगतो.

ब्रिटनचा ०८०० म्हणजे +४४ ८००. तो फक्त ब्रिटनचा.

भारतातून परदेशी कंपन्यांसाठी लावायचे ०००८०० ने सुरू होणारे नंबर तुम्ही पाहिले असतील. तीन शून्य, दोन नाही. परदेशी कॉन्फरन्स कॉलच्या आमंत्रणात भारतासमोर हाच छापलेला असतो. हा +८०० नाही. हा फक्त भारतात फिरवण्यासाठी दिलेला नंबर, जो कॉल उचलून परदेशी नेतो. दुसऱ्या देशातून तो लावून उपयोग नाही. यातल्या मधल्या १००, ४४०, ६५० अशा आकड्यांवरून अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर असा अंदाज बांधायची आमच्या ऑफिसात हौस होती. अंदाज कधी बरोबर यायचा, कधी सपशेल चुकायचा. त्यावर विसंबू नका.

आपल्याकडचा १८०० हा देशांतर्गत. त्यात पुढच्या आकड्यांवरून मूळ ऑपरेटर ओळखता येतो, १८०० ११ दिल्लीच्या एमटीएनएलचा, १८०० ४२५ बीएसएनएलचा. +८०० मध्ये अशी सोय नाही. आठ आकड्यांपैकी एकही आकडा देश किंवा कंपनी सांगत नाही. ग्राहक आपल्याला हवे ते आठ आकडे मागू शकतो, मोकळे असतील तर मिळतात. म्हणूनच ६-७-८-९-१०-११ मिळू शकलं.

आणि एक खास आपल्याकडचा घोळ. महाराष्ट्रात ८००७ ने सुरू होणारे मोबाइल नंबर भरपूर आहेत. एखाद्या ॲपने किंवा एक्सेलच्या फाइलने ९१ गिळून पुढे नुसता + चिकटवला की +८००७… असं दिसतं आणि माणूस समजतो परदेशी टोल-फ्री. आकडे मोजा. + नंतर दहाच आहेत? मग तो आपल्याच कोणाचा तरी मोबाइल आहे. +८०० ला अकरा लागतात. +८८० दिसला तर तो बांगलादेश. घाईत वाचताना ८०० आणि ८८० मधला फरक निसटतो आणि तेवढ्यावर लोकांनी 'फुकट आहे' समजून फोन लावलेले मी पाहिलेत.

संगणकाची सवय असेल तर पायथनमधलं `phonenumbers` हे पॅकेज हे काम झटकन करतं :

```
import phonenumbers
n = phonenumbers.parse("+80067891011")
print(phonenumbers.region_code_for_number(n))  # 001
print(phonenumbers.number_type(n))             # 3
```

पहिल्या ओळीचं उत्तर बघा. भारतीय नंबर दिला असता तर `IN` आलं असतं. इथे `001` येतं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या भूभाग-यादीत ००१ म्हणजे 'जग'. दुसऱ्या ओळीतला ३ म्हणजे टोल-फ्री. यापलीकडे कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला नुसत्या आकड्यांवरून काही सांगू शकत नाही. एखादं संकेतस्थळ +८०० चा नंबर टाकल्यावर 'जर्मनी' असं ठोकून देत असेल, तर ते कोणीतरी कधीतरी लिहिलेल्या शेऱ्यावरून बोलतंय.

न लागणारा कॉल काय सांगतो

आता खरा तपास. नंबर लावा आणि नीट कान देऊन ऐका. आम्ही हेच करायचो, फक्त आमच्याकडे सोबत सिग्नलिंगची नोंद असायची.

शेवटचा आकडा दाबताच, एक-दोन सेकंदांत, नेहमीच्या आवाजात मराठी-हिंदी-इंग्रजीत 'आपण डायल केलेला नंबर तपासून पाहा' असं ऐकू आलं, तर कॉल भारताबाहेर पडलेलाच नाही. तुमच्याच ऑपरेटरच्या यादीत तो नंबर नाही. नंबर मेलाय असा याचा अर्थ मुळीच नाही. तुमच्या सिमवर आयएसडी बंद असेल तरी असंच काहीसं होऊ शकतं, कारण कॉल फुकट असला तरी ०० दिसताच यंत्रणा त्याला परदेशी समजते. तेव्हा आधी आयएसडी चालू आहे का बघा, मग दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून आणि मिळाली तर लँडलाइनवरून लावून बघा.

पाच-सात सेकंद शांतता, मग वेगळ्याच पट्टीतला टोन किंवा परकी भाषा आली, तर कॉल बाहेर गेला आणि पलीकडे कोणीतरी तो नाकारला. ही खरी मोलाची खूण. ती भाषा कोणती, हे लिहून ठेवा.

ऑफिसात आयपी फोन असेल तर तुमच्या नेटवर्कवाल्याला कॉल तोडणाऱ्या संदेशातली ही ओळ काढून द्यायला सांगा :

```
Reason: Q.850;cause=3;text="No route to destination"
```

कारण क्रमांक ३ म्हणजे 'तिकडे जायला मार्ग नाही', १ म्हणजे 'असा नंबरच दिलेला नाही'. ऑपरेटरकडच्या नोंदीत याच्यासोबत आणखी एक छोटा रकाना असतो, हे कारण कोणत्या जाळ्यात जन्माला आलं ते सांगणारा : स्थानिक, मधलं आंतरराष्ट्रीय, की पलीकडचं. आमचं निम्मं भांडण या रकान्यावर मिटायचं, कारण तो आला की 'तुमच्याकडे अडलंय, आमच्याकडे नाही' असं म्हणायला कोणाला जागा उरायची नाही.

एक प्रकरण सांगतो. एका जहाज कंपनीची खलाशांसाठी हेल्पलाइन होती, नंबर +८०० चा. फोन उचलणारी माणसं मनिलात. तक्रार मुंबई ऑफिसने आमच्याकडे आणली : सिंगापूरहून लागतो, रॉटरडॅमहून लागतो, आपल्याकडूनही लागतो, पण ग्रीसमधल्या पिरेयस बंदराला जहाज लागलं की खलाशांचा फोन लागत नाही. आमच्यातल्या एकाचं मत, ग्रीसमध्ये नंबर उघडलेलाच नसणार. तसं असतं तर ताबडतोब ग्रीक भाषेतली सूचना यायला हवी होती. आम्ही त्यांच्या एजंटला बंदरातल्या लँडलाइनवरून फोन लावायला लावला आणि दुसऱ्या फोनवरून ऐकलं. सहा-सात सेकंद काही नाही. मग तीन सुरांची घंटी आणि एका बाईचा आवाज : 'काइन आनश्लुस उंटर डीझर नुमर.' आमची एक सहकारी जर्मन शिकलेली होती, ती हसायलाच लागली. या नंबरवर जोडणी नाही, असं ती बाई सांगत होती. फोन ग्रीसमधून, उत्तर द्यायची ती मनिलाने, आणि बोलतंय जर्मन एक्स्चेंज.

तिथून पुढे सोपं होतं. जहाज कंपनीला विचारलं, हा नंबर आधी कोणाकडे होता? कळलं, की चार महिन्यांपूर्वी त्यांनी टेलिफोन कंपनी बदलली होती. आधीची जर्मन, नवी सिंगापूरची. +८०० चा नंबर ग्राहकाला कंपनी बदलतानाही स्वतःकडे ठेवता येतो, तसा त्यांनी ठेवला होता. नोंदवहीत नव्या कंपनीचं नाव लागलं होतं. नव्या कंपनीने सगळ्या देशांतल्या ऑपरेटरना 'आता हा नंबर आमच्याकडे पाठवा' असं कळवलं होतं. बाकीच्यांनी यादी बदलली, ग्रीसमधल्या ऑपरेटरकडे ती विनंती पडून राहिली. तिथलं एक्स्चेंज इमानेइतबारे कॉल जर्मनीला पोचवत होतं आणि जर्मन कंपनीने आपल्या यंत्रणेतून नंबर कधीच काढून टाकला होता. ग्रीसमधली नोंद बदलायला पुढे दोन आठवडे लागले. तोपर्यंत खलाशांना साधा नंबर दिला.

या प्रकरणात 'नंबर कोण चालवतं?' याचं उत्तर सिंगापूरहून वेगळं होतं आणि पिरेयसहून वेगळं. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी होती.

मग विचारायचं कोणाला

पहिला माणूस तुमचा स्वतःचा ऑपरेटर. पण कॉल सेंटरला 'हा नंबर कोणत्या देशाचा' असं विचारू नका. समोरची व्यक्ती आपल्या पडद्यावर शोधेल, देश सापडणार नाही आणि 'नंबर चुकीचा आहे' म्हणून तक्रार बंद करेल. प्रश्न असा लेखी द्या : 'कंट्री कोड ८०० चा हा आठ आकडी नंबर तुमच्या यादीत उघडा आहे का? असेल तर तो कोणत्या परदेशी कॅरियरकडे जातो?' सोबत कॉलची तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, ज्या नंबरवरून लावला तो नंबर आणि काय ऐकू आलं ते द्या. वेळ नसेल तर तांत्रिक विभागाला लाखो कॉलच्या नोंदीत तुमचा कॉल सापडत नाही. कंपनीच्या नावावर कनेक्शन असेल आणि तुमचा खातेव्यवस्थापक असेल तर त्याच्यामार्फत जा. साध्या प्रीपेड ग्राहकाला कॅरियरचं नाव सहसा सांगत नाहीत, 'उघडा नाही' एवढं मात्र सांगतात, आणि तुमच्या कामापुरतं ते पुरतं.

दुसरी जागा आयटीयूची नोंदवही. तिथे नंबर आहे की नाही आणि तो कोणत्या टेलिफोन कंपनीने घेतला हे ठरतं. पण ती टेलिफोन कंपन्यांसाठी चालवलेली नोंदवही आहे, घराघरांत वाटलेली डिरेक्टरी नव्हे. नंबर घेण्याचा अर्जही ग्राहक थेट करत नाही, मान्यताप्राप्त टेलिफोन कंपनीच त्याच्यावतीने करते. त्यामुळे तिकडची विचारणाही आपल्या ऑपरेटरमार्फत गेली तर उत्तर लवकर येतं. आणि हेही ध्यानात ठेवा : नोंदवही फार तर टेलिफोन कंपनीपर्यंत नेईल. त्या कंपनीने तो नंबर मोठ्या ग्राहकाला दिलेला असतो, त्याने आपलं कॉल सेंटर तिसऱ्याकडे सोपवलेलं असतं. तो सगळा माग नोंदवहीत सापडायचा नाही.

तुमचा नंबर तपासाअंती +१ चा निघाला तर गोष्ट वेगळी. अमेरिकी टोल-फ्री नंबरांचं एक मध्यवर्ती रजिस्टर आहे, सोमोस नावाची संस्था ते सांभाळते. तिथे प्रत्येक चालू नंबरासमोर त्याची जबाबदारी घेणाऱ्या कंपनीचं पाच अक्षरी सांकेतिक नाव असतं. या कंपनीला तिकडे रिस्पॉर्ग म्हणतात. सोमोसला विचारलं की रिस्पॉर्ग कोण ते कळतं, आणि तक्रार असेल तर रिस्पॉर्गकडे जायचं. १९९३ पासून हे नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतात, म्हणून जुन्या यादीवर विसंबण्यापेक्षा आजची नोंद विचारलेली बरी. ब्रिटनच्या ०८०० साठी तिथला नियामक ऑफकॉम कोणता नंबर-गट मूळ कोणाला दिला ती यादी उघड ठेवतो. एकच पथ्य, नंबर पुढे दुसरीकडे गेला असला तरी यादीत मूळ मालकच दिसतो. +८०० साठी सोमोससारखी, कॉल नेताना सगळ्यांनी जिच्या नोंदी पाळाव्यात अशी एकच यंत्रणा उभी राहिली असती, तर माझं वीस वर्षांचं निम्मं काम वाचलं असतं. पण ज्याला देश नाही त्याला नियामकही नाही, मग ती उभारणार कोण आणि तिचा खर्च कोणाच्या खिशातून?

तुमच्या मशीनसाठी मात्र मी इतकं खोल जाणार नाही. पॅनलवरचा नंबर बाजूला ठेवा. मशीनच्या प्लेटवर निर्मात्याचं नाव, मॉडेल आणि सिरियल नंबर असेल. मशीनसोबत आलेल्या पुस्तिकेत आणि इन्व्हॉइसवर निर्मात्याचा साधा नंबर असतो, +४९, +३९ असा एखाद्या देशाचा. ज्या कंपन्या ००८०० छापतात त्या जवळजवळ नेहमी असा दुसरा नंबर देतात, कारण पहिला सगळीकडे लागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यावर फोन केला तर आयएसडीचे पैसे लागतील, पण उचलणाऱ्याला हे दोन प्रश्न विचारा : 'तुमचा ८०० वाला नंबर भारतातून उघडा आहे का?' आणि 'भारतासाठी वेगळा नंबर आहे का?' पुष्कळदा भारतासाठी १८०० किंवा ०००८०० चा नंबर आधीच घेतलेला असतो, मशीनवर लावलेला स्टिकर मात्र युरोपच्या बाजारासाठी छापलेला. हे करताना नंबर इंटरनेटवर शोधून उचलू नका. सर्व्हिस सेंटरच्या नावाने खोटे नंबर पेरून ठेवणारे आपल्याकडे कमी नाहीत. कागदावर छापलेलाच घ्या किंवा निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा.

शेवटी एक उलटी शक्यता, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी ती नक्की भेटेल. +८०० चा नंबर तुम्ही लावत नाही, तर तुमच्या स्क्रीनवर त्या नंबरावरून कॉल येतो. वर म्हटलं तसं या नंबराच्या मागे तार नाही, तो फक्त कॉल घेण्यासाठी आहे. त्यावरून कॉल निघत नाही. स्क्रीनवर तो दिसतोय म्हणजे कॉल करणाऱ्याने तो 'दाखवायचा नंबर' म्हणून भरलाय. प्रामाणिक कंपनीही असं करते, जेणेकरून ग्राहकाने उलट फोन केला तर फुकट लागावा. ठगही करतो. दिसणाऱ्या आकड्यांवरून दोघांत फरक करता येत नाही आणि वर सांगितलेला सगळा शोध इथे निरुपयोगी, कारण नंबर कोणाचा हे कळलं तरी कॉल त्यानेच केला हे सिद्ध होत नाही. असा कॉल कापा आणि कागदावर छापलेल्या नंबरावर स्वतः लावा. पैशांची किंवा ओटीपीची मागणी झाली असेल तर संचार साथीच्या संकेतस्थळावर 'चक्षू'मध्ये नोंदवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर.

मशीनच्या प्लेटवरचं निर्मात्याचं नाव आणि नंबर लावल्यावर नक्की काय ऐकू आलं, किती सेकंदांनी आणि कोणत्या भाषेत, एवढं कळवलंत तर कॉल पुण्यातच अडतोय की पुढे, हे मी सांगू शकेन.